घसा बरा झाला, गाठ का राहिली?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा आम्ही 'मानेतल्या गाठी' असे उत्तर दिले आणि त्यांचा चेहरा किंचित उतरला. सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर गाठींची चर्चा कशाला, असे त्यांना वाटले असावे. परंतु आम्ही उभयतां वैद्यकीय व्यवसायात आहोत; आमच्यापैकी एक मुलांचे आजार पाहते, दुसरा कान-नाक-घशाचे. व्याख्यान देण्यास एकच जण उभा असला, तरी बोलणे दोघांचे आहे. पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली, की आम्हां दोघांच्याही खोलीत एकच प्रश्न येऊन बसतो. 'घसा बरा होऊन पंधरा दिवस झाले, मग ही गाठ का राहिली?' प्रश्न एका ओळीचा. पण त्याचे उत्तर द्यायला दवाखान्यातली पाच मिनिटे पुरत नाहीत. आज मंडळाने एक तास दिला आहे, तो या एकाच प्रश्नाला द्यावा असे आम्ही ठरविले.

आरंभ आपल्या भाषेतल्याच एका जुन्या शब्दापासून करू. पायाला ठेच लागून जखम चिघळली, की जांघेत गाठ येते आणि चालताना दुखते. तिला आपण 'अवधाण' म्हणतो. हाताला गळू झाले, की काखेत अवधाण येते. खेड्यातली कोणतीही म्हातारी हे पाहून घाबरत नाही. 'पाय बरा झाला की अवधाण बसेल' असे म्हणून ती कामाला लागते, आणि ते बहुधा बसतेही. घसा सुजल्यावर जबड्याखाली येणारी दुखरी गाठ ही तत्त्वतः तीच वस्तू आहे. जागा मात्र बदलली, आणि जागेबरोबर शब्दही बदलला. मानेतल्या गाठीला आपल्याकडे 'गंडमाळ' हे नाव लगेच चिकटते आणि त्या नावाबरोबर क्षयाची, उपचारांची आणि मुलीच्या लग्नाची चिंता घरात शिरते. अवधाण आणि गंडमाळ या दोन शब्दांच्या मधे जे अंतर आहे, ते ओळखता येणे हाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

ही गाठ म्हणजे नेमके काय, हे थोडक्यात पाहू. आपल्या शरीरात लसीकाग्रंथी नावाच्या काहीशे लहान गाठी असतात आणि त्यांतला मोठा वाटा मानेत आहे. एरवी त्या मसुरीपासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराच्या, मऊ आणि बोटाला क्वचितच लागणाऱ्या असतात. घशातून, टॉन्सिलमधून, दातांच्या मुळांतून आणि डोक्याच्या त्वचेतून जो पातळ रस वाहत येतो, तो यांच्यातून गाळून पुढे जातो. टॉन्सिलचा रस मुख्यतः एका ठरावीक ग्रंथीत येतो. कानाच्या पाळीखाली जबड्याचा जो कोपरा आहे, त्याच्या जरा खाली आणि मागे ती बसलेली असते. म्हणून घसा धरला, की बहुधा तीच फुगते. जंतूंचे अंश तिच्यात पोचले, की संरक्षण करणाऱ्या पेशी तिथे झपाट्याने वाढू लागतात. ग्रंथीभोवती पातळ आवरण असते. आतला पसारा दोन दिवसांत दुप्पट झाला, की आवरण ताणले जाते, आणि त्या ताणामुळे दुखते. दुखणे हे येथे सूज वेगाने आल्याचे लक्षण आहे. एका अर्थाने ती चांगली खूण आहे, कारण जे रोग आम्हांला खरोखर काळजीत टाकतात, त्यांतल्या गाठी बहुधा हळूहळू वाढतात आणि दुखत नाहीत. लोकांची भीती मात्र नेमकी उलट असते. दुखरी गाठ घेऊन ते धावत येतात आणि न दुखणारी गाठ तीन महिने पदराखाली झाकून ठेवतात.

आता ती जायला इतका वेळ का लागतो? आपल्या मंडळाचा गणेशोत्सव डोळ्यांपुढे आणा. विसर्जन एका संध्याकाळी आटोपते, पण मांडवाचे बांबू, कनाती, खुर्च्या आणि दिव्यांच्या माळा उतरविण्यास पुढे किती दिवस लागतात, ते कार्यकर्त्यांना विचारा. ग्रंथीचेही तसेच आहे. जंतूंचा निकाल आठवड्यात लागतो, पण जमलेल्या लाखो पेशींची आवराआवर सावकाश होते. प्रथम दुखणे जाते. ते साधारणतः आठ-दहा दिवसांत. आकार त्यानंतर उतरू लागतो, आणि तो पुरता उतरायला तीन-चार आठवडे, मुलांमध्ये कित्येकदा सहा ते आठ आठवडे लागतात. शेवटी वाटाण्याएवढी, रबरासारखी, बोटाखाली सरकणारी गाठ महिनोन् महिने राहू शकते, कारण प्रत्येक आजार थोडा तंतुमय अवशेष मागे ठेवतो. शाळेत जाणाऱ्या निरोगी मुलांच्या मानेत अशा बारीक गाठी लागणे इतके सर्रास आहे, की त्या न लागल्या तरच आम्ही पुन्हा एकदा तपासतो.

हे सारे एका उदाहरणाने सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आठ वर्षांचा मुलगा. त्याला आपण बंडू म्हणू. वडील बँकेत, दर तीन वर्षांनी बदली. सोमवारी बंडूला १०२ डिग्री ताप आला आणि गिळताना घसा दुखू लागला. बुधवारी उजव्या जबड्याच्या कोपऱ्याखाली आवळ्याएवढी गाठ आली, इतकी दुखरी की मान वळवणे त्याला नको होई. टॉन्सिलवर पांढरे ठिपके होते. खोकला नव्हता, नाक वाहत नव्हते. पेनिसिलीनच्या वर्गातले औषध दहा दिवसांसाठी दिले. दोन दिवसांत ताप उतरला, सहाव्या दिवशी तो पूर्ववत जेवू लागला. बाराव्या दिवशी आई त्याला न्हाऊ घालीत असताना तिचा हात गाठीवर गेला. गाठ दुखत नव्हती, पण होती. त्या रात्री साताऱ्याहून आजींचा फोन आला आणि 'गंडमाळ' हा शब्द प्रथम उच्चारला गेला. शेजाऱ्यांनी आणखी जोरकस औषधाचा दुसरा कोर्स सुचवला. तिसऱ्या दिवशी आई-वडील बंडूला घेऊन आमच्याकडे आले.

आम्ही गाठ पट्टीने मोजली, दोन सेंटीमीटर. मऊ, हलणारी, वरची त्वचा नेहमीच्या रंगाची. वजन कमी झालेले नव्हते, भूक चांगली होती, खेळणे चालू होते. काखेत, जांघेत गाठी नव्हत्या. प्लीहा हाताला लागत नव्हती. आम्ही कोणतेही औषध दिले नाही. एक कागद दिला. त्यावर तारीख, बाजू आणि माप लिहिले आणि सांगितले की आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी, आईनेच गाठ पाहावी आणि कागदावर नोंद करावी. मधे कोणीही हात लावू नये. ही शेवटची अट घालावी लागते, कारण घरातला प्रत्येक जण येता-जाता गाठ चाचपून पाहतो, आणि दिवसातून दहादा चिमटली गेलेली ग्रंथी दुखरी राहणारच. चौथ्या आठवड्यात ती दीड सेंटीमीटर झाली, सहाव्यात एक, आठव्यात हरभऱ्याएवढी. मग तिसऱ्या महिन्यात बंडूला साधे पडसे झाले आणि तीच गाठ पुन्हा बोराएवढी होऊन दुखू लागली. घरी पुन्हा धांदल. वस्तुतः रोग परत आला नव्हता. तीच ग्रंथी पुन्हा कामाला लागली होती. पाचव्या दिवशी दुखणे गेले आणि दोन आठवड्यांत ती पुन्हा हरभऱ्यावर आली.

या उदाहरणात पाहण्यासारखी गोष्ट आहे ती मापांची दिशा. आज गाठ आहे की नाही, या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. गेल्या रविवारपेक्षा ती लहान आहे, तेवढीच आहे की मोठी आहे, हा खरा प्रश्न. आणि इथे आपल्यासारख्या घर सोडून आलेल्या कुटुंबांची एक विशेष अडचण आहे. गावी एकच डॉक्टर तीन पिढ्या पाहतो. मुलाच्या मानेतली वाटाण्याएवढी गाठ त्याने पूर्वी पाहिलेली असते आणि तो हसून सोडून देतो. बदलीच्या नोकरीत दर नवा डॉक्टर ती गाठ प्रथमच पाहतो. मग एकतर तो नव्याने औषध सुरू करतो, नाहीतर 'घसा आला होता ना, मग त्याचीच' म्हणून धीर देतो, आणि गाठ खरोखर किती दिवसांची आहे हे कोणालाच सांगता येत नाही. तो साधा कागद फाइलमध्ये ठेवला, तर हा घोटाळा टळतो. बदलीच्या सामानात रेशनकार्ड आणि शाळेचे दाखले आपण जपून नेतो, त्यांतच हाही न्यावा.

चाचपायचे कसे, तेही सांगून ठेवतो. बसून हनुवटी थोडी खाली आणि तोंड किंचित त्याच बाजूला वळवावे, म्हणजे मानेचे स्नायू सैल पडतात. तीन बोटांच्या पेरांनी हलके गोल फिरवून पाहावे, चिमटीत धरू नये. दोन्ही बाजू पाहाव्यात, कारण मानेत सर्वांनाच असणारे काही उंचवटे आहेत. हनुवटीच्या मागे, जबड्याखाली लाळेची ग्रंथी लागते, ती दोन्हीकडे सारखी असते. घशाच्या वरच्या बाजूस कंठास्थीचे टोक लागते, ते गिळताना वर-खाली होते. जे धडधडते, ती रक्तवाहिनी आहे. ती दाबत बसू नये. असे नसते शोध लावून रात्रीची झोप गमावलेले बरेच सज्जन आम्ही पाहिले आहेत. गालगुंडाची सूजही वेगळी. ती कानाच्या पुढे आणि खाली येते, जबड्याचा कोपरा तिच्यात बुडून जातो, आणि आंबट खाताना कळ येते.

औषधाविषयी दोन शब्द. घशाचे बहुतेक आजार विषाणूंचे असतात आणि त्यांच्यावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूमुळे झालेल्या घशाला मात्र ती द्यावी लागतात. ताप, टॉन्सिलवर पू, मानेच्या पुढच्या भागातल्या दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव, या चार खुणांवरून त्याचा अंदाज बांधण्याची रीत रॉबर्ट सेंटॉर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली अमेरिकेत मांडली आणि ती आजही वापरात आहे. चारही खुणा असल्या, तरी सुमारे निम्म्याच रुग्णांत तो जंतू सापडतो. म्हणून शक्य तेथे घशाची तपासणी करून घेणे बरे. औषध दिले असेल, तर सांगितलेले दिवस पुरे करावेत. पेनिसिलीनला दहा दिवस. घसा दुसऱ्या दिवशीच बरा वाटतो हे खरे, पण हे औषध सांधे आणि हृदय धरणाऱ्या संधिवाताच्या तापापासून संरक्षण म्हणूनही दिले जाते, आणि तो ताप घशानंतर दोन-तीन आठवड्यांनी येतो. मात्र घसा बरा झाल्यावर, गाठ उरली आहे एवढ्याच कारणासाठी दुसरा कोर्स घेण्यात काही हशील नाही. मांडव उतरवणाऱ्यांना त्याने घाई होत नाही. कोर्स घेतला आणि गाठ उतरली, तर श्रेय औषधाला जाते. ती न घेताही उतरलीच असती.

याहून मोठा धोका 'गाठ बसवणाऱ्या' गोळ्यांचा आहे. त्यांत बहुधा स्टेरॉइड असते. त्याने गाठ खरेच झपाट्याने लहान होते, साधीही आणि रक्ताच्या किंवा लसीकाग्रंथींच्या कर्करोगाचीही. काही आठवडे सगळे आनंदात असतात, आणि पुढे तुकडा काढून तपासला तरी निदान धूसर होते. कारण न कळलेल्या गाठीवर स्टेरॉइड घेऊ नये. घरगुती लेपांना आमचा विरोध नाही, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांचा तर पुरस्कारच आहे, आणि दुखण्याला साधे पॅरासिटामॉल पुरते. फक्त एक सूचना आहे. हळदीचा जाड लेप लावला, की खालची त्वचा लाल झाली आहे की नाही हे दिसेनासे होते, आणि तेच तर आपल्याला पाहायचे असते.

कारण गाठ कधीकधी पिकते. विशेषतः पाच वर्षांखालील मुलांत. ताप उतरण्याऐवजी चढतो, गाठ दिवसागणिक वाढते, वरची त्वचा लाल व चकचकीत होते, आणि पुढे मध्यभागी पाणी भरल्यासारखा मऊपणा येतो. अशी गाठ वाट पाहत बसण्याची नव्हे. पू धरला असेल, तर तो काढावा लागतो. त्याहून घाईची गोष्ट म्हणजे टॉन्सिलच्या मागे पू होणे. तोंड पुरते उघडत नाही, आवाज तोंडात गरम घास धरल्यासारखा येतो, थुंकी गिळवत नाही म्हणून लाळ गळते, मान एका बाजूला आखडते. त्यात श्वासाला त्रास असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. लहान मुलाला पाच दिवसांहून अधिक ताप, लाल डोळे, लाल फुटलेले ओठ, अंगावर पुरळ आणि मानेत एक मोठी गाठ असे एकत्र दिसले, तर तो घशाचा आजार नसून रक्तवाहिन्यांना सूज आणणारा वेगळा रोग असू शकतो, आणि त्याचा उपचार वेळेवर झाला नाही तर हृदयाला इजा होते. आणि घशात राखाडी पापुद्रा, त्याबरोबर सबंध मान सुजून जाडजूड झालेली, हे चित्र घटसर्पाचे आहे. तो रोग आपल्या देशातून गेलेला नाही. त्याच्या लसीचे पहिले तीन डोस जन्मानंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी बहुतेक मुलांना मिळतात. दीड-दोन वर्षांचा आणि पाच-सहा वर्षांचा डोस मात्र नेमका बदलीच्या धामधुमीत राहून जातो, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षाचा तर कित्येकांच्या लक्षातही नसतो.

वसतिगृहातल्या मुलामुलींच्या पालकांसाठी एक पोटकलम. पंधरा ते पंचवीस या वयात एक विषाणुजन्य ताप येतो. घसा पुवाने भरतो, मानेच्या दोन्ही बाजूंना, मागेही, गाठींची रांग लागते, आणि अंगातले त्राण आठवडेच्या आठवडे परत येत नाही. तिथे अमॉक्सिसिलीन दिले, तर अंगभर पुरळ उठते, आणि मुलाला पेनिसिलीन चालत नाही असा शिक्का कायमचा बसतो, जो पुष्कळदा चुकीचा असतो. यात प्लीहा सुजते, म्हणून तीन-चार आठवडे कबड्डी, कुस्ती वर्ज्य. गाठी महिना-दीड महिना राहिल्या, तरी चिंता नको.

आता त्या दुसऱ्या शब्दाकडे येऊ. गंडमाळ हा शब्द आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत आहे. युरोपातही हा रोग इतका परिचित होता, की राजाच्या स्पर्शाने तो बरा होतो अशी समजूत होती. १७१२ साली इंग्लंडच्या राणी ॲनने लहानग्या सॅम्युएल जॉन्सनला, म्हणजे पुढे इंग्रजी शब्दकोश रचणाऱ्या त्या पंडितालाच, असा स्पर्श केला. त्याला गुण आला नाही. मानेवरचे व्रण जन्मभर राहिले. ज्यांना गुण आला असे सांगतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना घशाची साधी अवधाणेच झालेली असतील, आणि ती राणीवाचूनही बसली असती, असा आमचा तर्क आहे.

ग्रंथींचा क्षय भारतात आजही सर्रास आढळतो. फुप्फुसाबाहेरच्या क्षयात त्याचाच वाटा मोठा आहे. आमच्याकडे आलेली एक सव्वीस वर्षांची सून. लग्न होऊन विदर्भातून इकडे आली, पहिल्याच हिवाळ्यात घसा धरला आणि मानेच्या डाव्या बाजूला गाठ आली. सर्वांनी तिचा संबंध घशाशी जोडला. हवापालट झाला, पाणी बदलले, असेही म्हटले गेले. पण ती गाठ जबड्याखाली नव्हती, मानेच्या खालच्या अर्ध्यात होती, आणि पहिल्या दिवसापासून दुखत नव्हती. तीन महिन्यांत वेगवेगळ्या दवाखान्यांतून तीन कोर्स झाले. त्यांतल्या एकात क्षयाच्या जंतूंवरही थोडा परिणाम करणारे प्रतिजैविक होते. गाठ जराशी उतरली, सर्वांना हायसे वाटले, आणि महिन्याने ती पुन्हा वाढली. आमच्याकडे आली तेव्हा तीन गाठी एकमेकींना चिकटून गठ्ठा झालेला होता. चार किलो वजन उतरले होते. 'संध्याकाळी अंग जरा कोमट वाटतं, पण कामाच्या दगदगीनं असेल' असे ती म्हणाली. हे वाक्य आम्ही फार जणींच्या तोंडून ऐकले आहे.

गाठीत बारीक सुई घालून थोडे पाणी व पेशी काढाव्या लागतात, हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, 'डॉक्टर, सुई लावली की रोग पसरतो म्हणतात.' ही समजूत खोटी आहे. इंजेक्शनच्या सुईहून ती जाड नसते, काम दोन मिनिटांचे असते, आणि त्यावाचून सगळे अंदाजच. अहवालात क्षयाच्या खुणा आल्या. जनुकीय तपासणीत जंतू सापडला आणि तो नेहमीच्या औषधाला दाद देणारा आहे हेही कळले. छातीचा फोटो स्वच्छ होता. फुप्फुसात क्षय नसेल, तर केवळ ग्रंथींच्या क्षयाने घरातल्या माणसांना संसर्ग होत नाही. तिची थाळी-वाटी वेगळी करण्याचे काही कारण नव्हते, आणि हे आम्ही सासूबाईंना मुद्दाम तिच्यासमोरच सांगितले. उपचार सहा महिन्यांचा, प्रथम दोन महिने चार औषधे आणि पुढे चार महिने तीन. सरकारी केंद्रांवर ती देशात कोठेही विनामूल्य मिळतात, आणि बदली झाली तर नव्या गावच्या केंद्राकडे नोंद वर्ग करता येते.

तिसऱ्या महिन्यात एक गाठ पुन्हा फुगली आणि मऊ झाली. औषध लागू पडत नाही म्हणून ते थांबवावे, असा घरात ठराव झाला. इथेच अनेकांचा उपचार मोडतो. क्षयाच्या उपचारात मरणाऱ्या जंतूंविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया वाढून गाठ तात्पुरती मोठी होणे हे माहीत असलेले आहे. नवी तपासणी करून जंतू औषधाला दाद देतो आहे ना, ते पाहायचे आणि औषध चालू ठेवायचे. तिच्या गाठीतले पाणी सुईने दोनदा काढले. सहा महिने पुरे झाले तेव्हा सेंटीमीटरभर गाठ शिल्लकच होती. ती पुढे वर्षभर वाढली नाही, वजन भरून आले, आणि आम्ही तिला मोकळे केले.

बंडू आणि ही मुलगी, दोघांच्याही कहाणीची सुरुवात 'घसा धरला' अशीच होती. फरक कोठे होता, ते तुमच्या लक्षात आले असेल. गाठीची जागा, दुखणे, चिकटणे, आणि मुख्य म्हणजे काळाबरोबरची चाल. म्हणून आम्ही असे सांगतो: मुलांत चार ते सहा आठवड्यांत गाठ उतरणीला लागली नाही, किंवा दोन आठवडे सतत वाढतच गेली, तर दाखवावी. प्रौढांत इतकी वाट पाहू नये. घसा बरा होऊन तीन आठवडे झाले तरी गाठ तशीच, तर तपासणी करावी. गळपट्टीच्या हाडाच्या वर, खळग्यात आलेली गाठ कोणत्याही वयात, कितीही लहान असो, त्याच आठवड्यात दाखवावी, कारण त्या जागेचा घशाशी फारसा संबंध नसतो. तिथे छातीतून आणि पोटातून रस येतो. दगडासारखी कठीण, न हलणारी गाठ, रात्री कपडे भिजतील इतका घाम, कारणावाचून उतरणारे वजन, यांपैकी काही असेल तर आठवडे मोजत बसू नये. आणि चाळिशी ओलांडलेल्या, तंबाखू-गुटख्याची सवय असलेल्या गृहस्थाच्या मानेत न दुखणारी गाठ आली, तर तिचे मूळ तोंडात आणि घशात शोधावे लागते. जिभेखालची, गालाच्या आतली जागा कोणी तरी दिवा धरून पाहिली पाहिजे. अशा गाठीला 'थंडीची असेल' म्हणणे परवडत नाही.

व्याख्यानानंतर श्रोत्यांतून बरेच प्रश्न आले. त्यांतल्या एका भगिनीचा प्रश्न येथे नोंदवतो, कारण तो पुष्कळांच्या मनात असतो. मुलीच्या मानेत मागच्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ दोन वर्षे आहे. ती वाढत नाही, पण दिसते. तर कापून टाकावी का? आम्ही विचारले, मुलीच्या डोक्यात उवा किंवा खरूज होती का? होती, असे उत्तर आले. मानेच्या मागच्या ग्रंथी डोक्याच्या त्वचेचा रस गाळतात, तेव्हा उगम सापडला. दोन वर्षांत न वाढलेली, मऊ, हलणारी गाठ केवळ दिसते म्हणून काढू नये. मानेच्या त्या भागात खांदा उचलणारी एक मज्जातंतू त्वचेच्या अगदी जवळून जाते. लहानशा शस्त्रक्रियेत तिला धक्का लागला, तर खांदा झुकतो आणि हात डोक्याच्या वर नेणे, वेणी घालणे अवघड होते. निदानासाठी गाठ काढणे आवश्यक असेल, तेव्हा ती जोखीम जाणत्या हाताने घ्यावी लागते. वेणीखाली झाकली जाणाऱ्या वाटाण्यासाठी ती घेऊ नये. उवांचे औषध मात्र आठवड्याच्या अंतराने दोनदा लावावे, आणि एकाच दिवशी घरातल्या सर्वांची डोकी पाहावीत.